दुरुस्तीच्या साधनाला ‘इनबॉक्स’ हे नाव का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मध्यंतरी आउटलुक उघडेना. ऑर्डरच्या मेल खाली उतरत असतानाच वीज गेली होती, आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच संपली होती. फाईलमध्ये दोष आहेत, इनबॉक्स रिपेअर टूल वापरा, असा संदेश येत होता. हे टूल म्हणजे SCANPST.EXE. नाव असं असलं तरी ते केवळ इनबॉक्स नव्हे, आउटलुक ज्या फाईलमध्ये मेल साठवतं ती सगळी .pst फाईल तपासतं. आउटलुक आलं १९९७ साली. त्याआधी विंडोज ९५ च्या डेस्कटॉपवर मेलचं चिन्ह ‘इनबॉक्स’ या नावाचं असे, आणि टूलचं नाव त्याच काळातलं आहे.

त्या काळाचा दुसरा वारसा जास्त त्रासदायक आहे. आउटलुक ९७ ते २००२ पर्यंतची .pst फाईल २ जीबीच्या पुढे जाऊच शकत नव्हती. २००३ मध्ये युनिकोड रचना आली, मर्यादा २० जीबी झाली आणि २०१० मध्ये ५० जीबी. पण जुनी फाईल नव्या आउटलुकमध्ये उघडली म्हणून तिची रचना बदलत नाही. या ऑफिसची फाईल कॉम्प्युटर बदलत बदलत वीसेक वर्षं तशीच पुढे आली होती. डेटा फाईलच्या सेटिंगमध्ये रचनेपुढे 97-2002 दिसलं, तेव्हा ते कळलं.

मेलचा मजकूर एकीकडे आणि तो कुठे आहे हे सांगणारी सूची दुसरीकडे, अशी या फाईलची मांडणी असते. लिहिता लिहिता वीज गेली की दोन्हींचा मेळ बसत नाही, आणि मेल असूनही वाचता येत नाही. टूल ही सूची नव्याने जुळवतं. खुद्द मजकूरच खराब झाला असेल, तर तो मात्र परत येत नाही.

आम्ही आउटलुक बंद केलं आणि आधी फाईलची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. टूल हल्ली बहुधा इथे सापडतं:

```
C:\Program Files\Microsoft Office\root\Office16\SCANPST.EXE
```

फाईल निवडून Start दाबलं. तपासणी संपल्यावर बॅकअपची खूण तशीच ठेवून Repair केलं. एका फेरीत भागलं नाही. तिसऱ्या फेरीत दोष उरले नाहीत. ज्या मेलचं फोल्डर टूलला सापडलं नाही, त्या Lost and Found मध्ये जमा झाल्या होत्या. त्यात चादरींच्या नमुन्यांचे फोटो असलेली, एका जुन्या ग्राहकाची मेलही होती. ती उघडली, पण दोन फोटो मात्र कोरेच निघाले.

मग नवी .pst तयार करून सगळी फोल्डर तिच्यात हलवली. नवी फाईल युनिकोड रचनेची होते, आणि ते पाऊल घेतलं नसतं तर २ जीबीची भिंत तशीच समोर राहिली असती. जुनी फाईल आणि टूलने केलेली .bak महिनाभर पुसायची नाही, असं ठरवलं. कोरे निघालेले ते दोन फोटो ग्राहकाकडून पुन्हा मागवले आहेत.