जीएसटी नंबरचं शेवटचं अक्षर नेमकं काय सांगतं?

"बिलावरच्या जीएसटी नंबरचं शेवटचं अक्षर हिशेबात बरोबर आलं, म्हणजे तो व्यापारी नोंदणीकृत आहे ना?"

नाही. ते अक्षर फक्त टायपिंगची चूक पकडतं. मी मुद्दाम एक बनावट नंबर तयार केला: `27ABCDE1234F1Z`. इथे 27 म्हणजे महाराष्ट्र, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. आता पंधरावं अक्षर काढू.

अंकांची किंमत तीच. A म्हणजे 10, तिथून Z म्हणजे 35. डावीकडून किमतींना आळीपाळीने 1 आणि 2 ने गुणायचं. प्रत्येक गुणाकाराला 36 ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. Z चे 70 होतात, म्हणजे 1 आणि 34, एकूण 35. अशा चौदा किमतींची बेरीज इथे 180 येते. तिला 36 ने पूर्ण भाग जातो, म्हणून शेवटी `0` येतो. (बाकी उरली असती, तर ती 36 मधून वजा केली असती.)

`27ABCDE1234F1Z0` हिशेबात चोख बसतो. पण पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं, व्यक्तीला P, कंपनीला C. D नावाचा प्रकारच नाही!

एखादं अक्षर चुकलं तर ही पद्धत ते हमखास पकडते. शेजारची दोन अक्षरं उलटसुलट झाली तरीही, फक्त 0 आणि Z ची अदलाबदल निसटते. मात्र रद्द झालेली नोंदणी किंवा दुसऱ्याचा वापरलेला नंबर तिला दिसत नाही. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून नाव आणि नोंदणीची सद्यस्थिती पाहा.