इंजिन बंद पडल्यानंतरचे दोन सेकंद : ऑटोरोटेशनची पार्श्वभूमी

ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनाविना नुसत्या हवेच्या जोरावर डोक्यावरची पाती फिरत राहणे, हे व्यवहारात चालणाऱ्या हेलिकॉप्टरपेक्षा जुने आहे. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ उडालेल्या ऑटोजायरोच्या डोक्यावरच्या पात्यांना उड्डाणात इंजिन जोडलेलेच नव्हते. यंत्र पुढे ओढण्याचे काम नाकावरच्या पंख्याचे. वरची पाती खालून येणाऱ्या हवेवर भिरभिऱ्यासारखी आपोआप फिरत. हेलिकॉप्टरने ही पाती इंजिनाला जोडली, पण इंजिन बंद पडले तर जुन्या पद्धतीने उतरण्याची सोय कायम ठेवली. मे १९३७ मध्ये एका जर्मन हेलिकॉप्टरने इंजिन बंद करून तसे उतरूनही दाखवले.

पायलटच्या डाव्या हातात कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो. तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो. उजव्या हातातला सायक्लिक प्रत्येक फेरीत पात्याचा कोन एका बाजूला वाढवून दुसऱ्या बाजूला घटवतो आणि यंत्र हव्या त्या दिशेला झुकवतो. हे आज सोपे वाटते, पण एक मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरचा फिरणाऱ्या पात्यांचा संच, आणि शेपटीवर छोटा रोटर अशी मांडणी रूढ करणाऱ्या अमेरिकन यंत्रावर सायक्लिक काही काळ काढूनच टाकला होता. त्याच्या जागी शेपटीवर तीन रोटर बसवले होते. १९४१ च्या डिसेंबरात सायक्लिक पुन्हा मुख्य रोटरवर आला. शेपटीवर जो एक रोटर उरला, तो इंजिनाच्या पिळामुळे धड उलट दिशेने फिरू नये म्हणून.

इंजिन थांबले की फ्रीव्हील क्लच त्याला रोटरपासून सोडवतो. शेपटीचा रोटर मुख्य रोटरच्या गिअरबॉक्सवरच चालत असल्याने तोही फिरत राहतो. मात्र पीळ नाहीसा झाल्यामुळे शेपटीच्या रोटरचा जोर बदलणारे पायाखालचे पेडल लगेच बदलावे लागते. (आपल्याकडच्या चेतक हेलिकॉप्टरचा रोटर अमेरिकन यंत्रांच्या उलट दिशेने फिरतो, तेव्हा तिथे पाय दुसरा.) कलेक्टिव्ह खाली टाकला की हवा खालून वर जाऊ लागते. पात्याचा मधला भाग त्या हवेतून फिरण्याचा जोर घेतो आणि टोकाकडचा भाग तो जोर वापरून यंत्र तोलून धरतो.

सगळा वाद कलेक्टिव्ह खाली जाण्याआधीच्या क्षणांचा आहे. १९७९ मध्ये प्रमाणित झालेले आर-२२ हे दोन आसनी हेलिकॉप्टर स्वस्त खासगी वाहन म्हणून आखले होते, म्हणून त्याची दोन पाती मुद्दाम हलकी ठेवली. हलक्या पात्यांत फिरण्याच्या ऊर्जेचा साठा कमी. जुन्या जड रोटरच्या यंत्रांत पायलट क्षणभर गोंधळला तरी निभावत असे. इथे एक-दोन सेकंदांत निकाल लागतो. रोटरचे फेरे नेहमीच्या शंभर टक्क्यांवरून ऐंशीवर आले तर पात्यांतली ऊर्जा निम्म्याहून थोडीच जास्त, म्हणजे ६४ टक्के उरते. ऐंशी टक्के फेऱ्यांखाली (उंची वाढेल तशी ही मर्यादा दर हजार फुटांना एक टक्का वर सरकते) पाती स्टॉल होतात, म्हणजे यंत्र उचलून धरण्याची त्यांची ताकद जाते. मग कलेक्टिव्ह पाडूनही फेरे परत येत नाहीत.

यंत्र स्वस्त असल्याने उड्डाणशाळांनी ते उचलले. सर्वात कमी सवलत देणारा रोटर सर्वात नवख्या हातांत गेला. यात यंत्राचा दोष की शिकवण्याचा, यावर बरीच वर्षे वाद झाले. माझ्या मते आखणीपेक्षा वापराचा निर्णय जास्त चुकीचा होता. १९९५ मध्ये अमेरिकन नियामकाने पाती बदलायला लावली नाहीत. वैमानिकांवर विशेष प्रशिक्षणाची अट घातली. विद्यार्थ्याला आर-२२ एकट्याने उडवण्याआधी प्रशिक्षकासोबत त्याच यंत्रावर किमान २० तास हवेत.

प्रत्यक्ष उतरणे असे. समजा ५०० फुटांवर इंजिन गेले. कलेक्टिव्ह तळाला, वेग सुमारे ६५ नॉट. खाली येण्याचा दर मिनिटाला साधारण दीड हजार फूट धरला तर हातात वीसेक सेकंद असतात. सुमारे ४० फुटांवर सायक्लिक मागे घेऊन नाक उचलायचे. त्याने वेग मोडतो आणि फेरेही थोडे वाढतात. आठेक फुटांवर यंत्र सपाट करायचे आणि जमीन लागण्याच्या जरा आधी कलेक्टिव्ह ओढून उरलेली ऊर्जा खर्चायची. ही संधी एकदाच मिळते. जमिनीजवळ आणि कमी वेगात मात्र हे सगळे करायला जागाच नसते. हे क्षेत्र प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत आलेखावर छायांकित केलेले असते.

पुढे फेरे सांभाळणारा गव्हर्नर आला आणि निष्काळजीपणाने फेरे पडू देण्याचे प्रसंग आवरले. पण गव्हर्नर फक्त थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद, कमी-जास्त करतो. तापलेल्या हवेत, भरल्या वजनाने थ्रॉटल आधीच पूर्ण उघडा असताना पायलट कलेक्टिव्ह ओढतच राहिला, तर फेरे घटतात आणि ९७ टक्क्यांच्या आसपास इशाऱ्याचा हॉर्न वाजतो. तेव्हा यंत्र खाली जात असतानाही कलेक्टिव्ह आणखी खालीच न्यावा लागतो.