सावत्र मुलाचा हिस्सा

“आईच्या दुसऱ्या लग्नानंतर बाबांनीच मला वाढवलं, आडनावही त्यांचंच. त्यांच्या इंदूरच्या घरात माझा हिस्सा आहेच ना? ताई तर दत्तक!”

उलट आहे. हिंदू वारसा कायद्यात रीतसर दत्तक घेतलेली मुलगी पोटच्या मुलीसारखीच वारस. सावत्र मुलगा मात्र वडिलांचा वारस नाही. शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने दत्तकविधान होत नाही.

बाबा मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांचं स्वकष्टार्जित घर आई आणि ताईला निम्मं-निम्मं. आईचं निम्मं पुढे तिच्यामागे तुम्हाला मिळू शकतं, तिने विकलं नाही तर.

बाबा हयात असताना मृत्युपत्रात (आपल्या इंदुरात वसीयत) तुमचं नाव घालू शकतात. त्यांची सही दोन साक्षीदारांसमोर हवी, साक्षीदारांच्याही सह्या हव्यात; नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार तुम्ही होऊ नका.