दहा टनांत अकरा टन

रात्री दोनला मुंबईहून युरोपकडे प्रवासी विमान निघतं. पायाखाली, सामानाच्या कप्प्यात, आपल्या बॅगांच्या शेजारी तयार कपड्यांचे खोके, औषधांची पिंपं, हंगाम असेल तर हापूसच्या पेट्याही असतात. समजा, त्या कप्प्यात दहा टन माल मावतो आणि बुकिंगही बरोबर दहा टनांचं झालंय. तरी बहुतेक रात्री तिथे मोकळी जागा राहते.

कारण साधं आहे. प्रवाशाने तिकिटाचे पैसे आधीच भरलेले असतात, मालाचं भाडं मात्र सहसा आलेल्या मालावर आकारलं जातं. कारखान्यातून किती खोके निघतील याची कारखान्यासाठी माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरलाही खात्री नसते, म्हणून तो जागा थोडी सैल हातानेच अडवतो. बुकिंग दोन टनांचं आणि टेम्पोतून उतरतो दीड टन, ही रोजची गोष्ट. आणि विमान उडालं की रिकामी राहिलेली जागा नासलेल्या दुधासारखी, कुणालाच विकता येत नाही. म्हणून विमान कंपन्या जागेपेक्षा जास्त बुकिंग घेतात. किती जास्त, एवढाच प्रश्न.

आकडे मी हिशेबापुरते धरतो. मागच्या शंभर उड्डाणांपैकी वीस वेळा बुकिंगच्या 70 टक्केच माल आला, तीस वेळा 80, तीस वेळा 90 आणि वीस वेळा पूर्ण 100 टक्के. सरासरी 85. यावरून पटकन सुचणारा उपाय म्हणजे दहाला 0.85 ने भागायचं आणि पावणेबारा टन बुकिंग घ्यायचं. सरासरीने विमान भरेल, मग अडचण कुठे?

अडचण पैशात आहे. किलोभर जागा रिकामी गेली तर 100 रुपये बुडतात असं समजा. पण दारात आलेला माल परत ठेवायचा तर गोदामाचं भाडं, पुन्हा हाताळणी, दुसऱ्या विमानाची महाग जागा आणि नाराज गिऱ्हाईक मिळून किलोला 150 रुपये जातात. आता दहाच टन बुकिंग घेतलं तर माल कधीच परत जाणार नाही, पण सरासरी दीड टन जागा रिकामी राहील, म्हणजे दर उड्डाणाला दीड लाखाचं नुकसान. पावणेबारा टन घेतलं तर रिकामी जागा आणि परत गेलेला माल दोन्ही सरासरी अर्ध्या टनाच्या आसपास, आणि नुकसान साधारण 1 लाख 32 हजार. अकरा टनांवर मात्र ते 1 लाख 15 हजारांवर येतं. तिथे 850 किलो जागा रिकामी राहते आणि 200 किलो माल परत जातो. म्हणजे थोडं रिकामं उडणंच इथे फायद्याचं, कारण दोन चुकांची किंमत सारखी नाही.

आता कप्प्यात कपड्यांऐवजी हापूस ठेवा. पेटी आज गेली नाही तर आंबा उद्यापर्यंत पिकतो, आणि पलीकडच्या व्यापाऱ्याची ठरलेली विक्रीही हुकते. परत ठेवण्याची किंमत किलोला 400 धरली तर वरच्याच आकड्यांत दहा टनांच्या पुढचा प्रत्येक किलो तोट्याचा ठरतो. या उदाहरणात सीमारेषा 325 रुपयांवर पडते. त्याखाली थोडं जास्त बुकिंग परवडतं, त्यावर अजिबात नाही. प्रत्यक्षात कप्प्यात दोन्ही माल असतात आणि जागा कमी पडली की आधी कपडे उतरवले जातात. त्यामुळे पहिले काही किलो परत ठेवणं स्वस्त पडतं, पुढचे महागत जातात.

शिवाय ते 'दहा टन'ही पक्के नसतात. प्रवाशांच्या बॅगा वाढल्या किंवा समोरून जोराचा वारा म्हणून जादा इंधन भरावं लागलं, की मालाचा वाटा आक्रसतो. फुगीर माल असेल तर वजन शिल्लक असताना जागाच संपते. म्हणून तर हवाई मालवाहतुकीत एका घनमीटरला निदान 167 किलोचं भाडं लावायची पद्धत आहे. जागेची अशी अनिश्चितता हिशेबात धरणारी गणितं 1990 च्या दशकात मांडली गेली.

पण गणिताइतकाच घोटाळा वहीत होतो. समजा अकरा टन बुकिंग आणि अकराही टन आले. दहा गेले, एक टन गोदामात परतला. नोंद करणाऱ्याने उडालेलं वजन लिहिलं, तर हजेरी 91 टक्के दिसते, खरी मात्र 100 होती. अशा नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला की गिऱ्हाइकं आहेत त्यापेक्षा ढिली वाटतात, बुकिंग आणखी वाढवलं जातं, आणखी माल परततो, आणि वहीतली हजेरी आणखी घसरते. ओळखायची खूण अशी: कागदावर हजेरी दर महिन्याला उतरतेय आणि गोदामात परतलेल्या पॅलेटांची रांग मात्र वाढतेय. तेव्हा वजन विमानात चढताना नाही, दारात माल येतानाच लिहून घ्यायचं.