‘समजलं नाही’ आणि ‘चुकीचं समजलं’ : बॉटच्या दोन वेगळ्या चुका

फोनवर लोकांशी बोलणाऱ्या व्हॉइस बॉटच्या आराखड्यात बहुतेक वेळा चुकांसाठी एकच चौकोन काढलेला दिसतो, ‘बॉटला समजलं नाही तर’. चुका मात्र दोन जातींच्या असतात.

पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. आवाज तुटला, कॉन्फिडन्स, म्हणजे बरोबर ऐकल्याची बॉटची खात्री 0 ते 1 मध्ये सांगणारा आकडा, कमी आला, आणि बॉटला स्वतःलाच कळलं की आपल्याला कळलेलं नाही. अशा वेळी आधी थोडक्यात ‘पुन्हा सांगता का?’ विचारावं, मग नमुना द्यावा (‘उद्या सकाळी दहा, असं म्हणा’), तरी जमलं नाही तर माणसाकडे फोन द्यावा. तिन्ही वेळा ‘क्षमस्व, कृपया पुन्हा प्रयत्न करा’ घोकणारा बॉट मला सहन होत नाही.

दुसऱ्या चुकीत चूक झाल्याचं बॉटला कळतच नाही, कारण त्याच्या मते सगळं ठीक असतं. दवाखान्याच्या बॉटला कोणी म्हणतं, ‘परवा पावणेपाचला नंबर लावा.’ ‘पावणे’ गिळलं जातं, उरतं स्पष्ट ‘पाचला’, आणि कॉन्फिडन्स 0.92. इथे उंबरठा, म्हणजे ज्याच्या खाली कॉन्फिडन्स आला की बॉट पुन्हा विचारतो तो आकडा, 0.5 वरून 0.8 वर नेणं हा आवडता उपाय, आणि तो निरुपयोगी. 0.92 त्यातूनही आरामात पार होतो. उलट बरोबर ऐकलेली, पण कमी गुण मिळालेली वाक्यं विनाकारण परत विचारली जातात.

ही चूक फक्त बोलणाराच पकडू शकतो, म्हणून ऐकलेलं त्याच्या कानावर घालावं लागतं. तेही वेगळा प्रश्न न करता, पुढच्या प्रश्नात गुंफून: ‘परवा संध्याकाळी पाच वाजता. पेशंटचं नाव?’ दर वाक्याला ‘बरोबर आहे का?’ विचारलं की लोक वैतागून फोन ठेवतात.

आता खरी गोची. समोरचा म्हणतो, ‘पाच नाही, पावणेपाच.’ बॉट मात्र नावाची वाट बघतोय, म्हणून पेशंटचं नाव ‘पाच नाही पावणेपाच’ असं नोंदवतो! तेव्हा नाव विचारतानाही आधीची वेळ दुरुस्तीसाठी उघडी ठेवा. उत्तरात ‘नाही’ आणि सोबत वेळ आली, तर फक्त वेळ बदला; परवा तसाच राहू द्या, संवाद पहिल्यापासून सुरू करू नका. शिवाय लोक बॉटचं वाक्य संपायची वाट बघत नाहीत. बॉट बोलत असताना त्याचे कान बंद असतील, तर तो ‘नाही’ हवेतच विरतो.

दुरुस्तीनंतर मात्र एकदा थेट विचारावं. तोही हो-नाहीचा प्रश्न नको, कारण फोनवर ‘हं’ आणि ‘अंहं’ यांतला फरक ओळखताना यंत्र सहज फसतं. ‘पाच वाजता की पावणेपाच वाजता?’ असं विचारा. ‘वाजता’ घातल्यामुळे उत्तरही बहुधा लांब येतं, आणि ‘पावणे’ ऐकू येण्याची शक्यता वाढते.