उडणारं झुरळ नेमकं येतं कुठून?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, डोंबिवली, संध्याकाळचे साडेसात, पंखा फुल्ल आणि तरी अंगाला बनियन चिकटलेलं. पडद्याच्या दांडीवर काहीतरी सरकलं, आणि कोणी चप्पल शोधेपर्यंत ते फर्रकन सुटून थेट आमच्या आत्याच्या खांद्यावर. पुढचा आरडाओरडा सांगत नाही. सगळं शांत झाल्यावर आईने निकाल दिला की रात्री खरकटी भांडी ठेवता म्हणून हे होतं. आमच्याकडे दरवर्षी हाच निकाल लागतो, आणि तो चुकीचा आहे, कारण ते झुरळ आमच्या किचनचं नव्हतंच.

आपल्याकडे घरात मुख्यतः दोन झुरळं दिसतात आणि आपण दोघांनाही एकच नाव देतो, तिथेच घोळ होतो. एक छोटं, साधारण दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. गॅसच्या शेगडीखाली, फ्रिजच्या मोटरपाशी, ट्रॉलीच्या बिजागरीत ह्याचं पूर्ण खानदान राहतं, आणि त्याला पंख असूनही ते उडत नाही. दुसरं मोठं, साडेतीन-चार सेंटिमीटरचं, लालसर चकचकीत, मानेवर पिवळट कडा. हे अमेरिकन झुरळ. अमेरिकन नुसतं नावाला, मूळ आफ्रिकेचं, जहाजांमधून जगभर पसरलं. पडद्यावरून झेप घेतो तो हाच भिडू, आणि ह्याला तुमच्या ओट्यापेक्षा बिल्डिंगच्या खालचं ड्रेनेजचं चेंबर जास्त आवडतं. तिथे अंधार आहे, ओल आहे, खायला भरपूर आहे आणि वर्षभर ऊब आहे. मादी साधारण 8 मिलिमीटरची अंड्यांची डबी, तिच्यात चौदा-पंधरा अंडी, भिंतीच्या फटीत चिकटवून निघून जाते. पिल्लं मोठी व्हायला सहा महिने ते वर्षभर लागतं, आणि हा सगळा संसार जमिनीखाली चालतो, आपल्याला पत्ताही नसतो.

मग संध्याकाळीच का, आणि ह्याच दिवसांत का?

झुरळ थंड रक्ताचं, त्याच्या स्नायूंचं तापमान हवेवर अवलंबून. उडायचे स्नायू थंड असले की पंख पुरेसे जोरात हलत नाहीत, म्हणून डिसेंबरात तेच झुरळ नुसतं पळतं. हवा साधारण 30 अंशांच्या आसपास गेली की इंजिन गरम झाल्यासारखं होतं. मुंबईच्या पट्ट्यात मेअखेरीला दिवसा 33-34 आणि रात्रीही 27 च्या खाली सहसा उतरत नाही, म्हणजे अंधार पडतो तेव्हा, त्याची बाहेर पडायची वेळ होते तेव्हाही, त्याचे स्नायू तयारच असतात.

आता दमटपणाचं. हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. झुरळाच्या अंगावर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर असतो, अंगातलं पाणी तो आत धरून ठेवतो. 1935 साली रॅम्से नावाच्या शास्त्रज्ञाने मोजून दाखवलं की साधारण 30 अंशांच्या पुढे ह्या थराची वाट लागते आणि झुरळाच्या अंगातून पाणी एकदम जोरात उडायला लागतं. म्हणजे उडण्यासाठी जी गरमी हवी तीच त्याला सुकवणारी. कोरड्या गरमीत चेंबर सोडून भटकणं त्याला परवडत नाही. पण हवेतच ओल गच्च असेल तर अंगातलं पाणी हळू उडतं, सुकायची भीती कमी, आणि मग स्वारी बाहेर पडते. चिकट संध्याकाळ आपल्याला नकोशी, त्याला एकदम बेस्ट.

आणि ते मुद्दाम तुमच्या तोंडावर येत नाही, खरंच. ह्या प्राण्याला जमिनीवरून उंच भरारी घेणं जमत नाही फारसं, तो भिंतीने किंवा पडद्याने वर चढतो आणि तिथून तरंगत खाली येतो. पायांखालचा आधार सुटला की पंख आपोआप चालू होतात, वळणं मात्र बेकार. उंचावरून सुटलेली अशी वस्तू खोलीच्या मध्ये उतरणार, आणि खोलीच्या मध्ये आपणच बसलेलो असतो.

चेंबरातून दुसऱ्या मजल्यावर येतं कसं? मागच्या वर्षी ह्याचाच छडा लावायचा ठरवला. चार ग्लू ट्रॅप आणले, एक ओट्याखाली, एक बाथरूममध्ये, एक वापरात नसलेल्या मागच्या संडासात, एक हॉलच्या खिडकीपाशी. पाच रात्री ठेवले. ओट्याखाली काही नाही (आई हा भाग मान्य करत नाही), हॉलमध्ये एक, बाथरूममध्ये एक आणि मागच्या संडासात पाच. सगळी मोठी, पंखवाली, एकही पिल्लू नाही. हीच खरी खूण आहे. पिल्लांना पंख नसतात, घरात संसार असता तर वेगवेगळ्या साइझची बिनपंखी पिल्लं आणि अंड्यांच्या डब्या सापडल्याच असत्या. नुसतीच मोठी सापडली म्हणजे ती बाहेरून आलेली पाहुणी.

मागच्या संडासातला नहाणी ट्रॅप बघितला तर कोरडा ठाक. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं राहतं, ते खालच्या पाईपला बूच मारल्यासारखं काम करतं, वास अडवतं आणि झुरळांनाही बऱ्यापैकी अडवतं. महिनाभर तिथे कोणी पाणीच ओतलं नाही आणि मेच्या उन्हाळ्यात ते उडून गेलं, म्हणजे खालच्या चेंबरपासून आमच्या घरापर्यंत सरळ उघडा बोगदा. जुन्या बिल्डिंगांचे बीडाचे पाईप गंजून आतून-बाहेरून खरखरीत झालेले असतात, त्यावर चढणं ह्यांना सोपं जातं. काही पाईपाच्या बाहेरूनही चढतात, आणि नेमकी त्याच वेळी आपली खिडकी वाऱ्यासाठी उघडी असते. हॉलमधलं बहुतेक तसं आलं असणार.

रात्री दहाला वॉचमनकाकांना घेऊन चेंबरचं झाकण उचललं. टॉर्च मारला तर भिंतच हलत होती. काका शांतपणे म्हणाले, "हे रोजचंच आहे साहेब, पयला जोराचा पाऊस येऊ दे, मग बघा." त्यांचं बरोबर होतं. जोराच्या पावसात चेंबर भरतं आणि आतली सगळी पब्लिक वर पळते, म्हणून पहिल्या पावसाच्या आसपास दोन-तीन दिवस जास्त त्रास होतो.

मग उपाय काय केला तर मागच्या संडासात दर आठवड्याला एक बादली पाणी, मोरीला आणि गच्चीवरच्या हवेच्या पाईपाच्या तोंडाला बारीक जाळी, पाईप भिंतीत शिरतो तिथली फट सिमेंटने बंद, हॉलच्या खिडकीला मच्छरजाळी. किचनमध्ये लावतात ती जेल छोट्या जर्मन झुरळांवर मस्त चालते, पण चेंबरात राहणाऱ्याला तुमच्या ट्रॉलीतल्या जेलचा काय संबंध? सोसायटीने चेंबरात स्प्रे मारला तर उपयोग होतो, फक्त त्या औषधाने झुरळं मरायच्या आधी बिथरून बाहेर पळतात, म्हणून त्या दिवशी तळमजल्यावाल्यांना आधी सांगून ठेवायचं. आमच्याकडे सांगितलं नव्हतं. तळमजल्यावरच्या काकू अजून सेक्रेटरीशी बोलत नाहीत.