कुत्र्यांमधला हिप डिस्प्लेशिया

हिप डिस्प्लेशिया म्हणजे कुत्र्याच्या खुब्याचा सांधा वाढीच्या काळात नीट तयार न होणं. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग, म्हणजे गोळा, कमरेच्या हाडातल्या वाटीत घट्ट बसायला हवा, पण या कुत्र्यांमध्ये तो सैल राहतो, चालताना थोडा थोडा बाहेर सरकतो आणि परत आत जातो, आणि हे सतत होत राहिल्यामुळे वाटी उथळ होते, गोळा चपटा होतो, कूर्चा झिजते. पिल्लू जन्मतं तेव्हा खुबा बऱ्यापैकी नॉर्मल असतो, सैलपणा पहिल्या काही आठवड्यांत यायला लागतो. १९३५ मध्ये जेरी श्नेल या अमेरिकन पशुवैद्याने हा आजार पहिल्यांदा नोंदवला. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड हे नेहमीचे पेशंट, पण पग आणि बुलडॉगमध्येही तो खूप दिसतो, फक्त वजन कमी म्हणून त्रास उशिरा कळतो.

यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, पण एकच जीन जबाबदार नाही, अनेक जीन्स मिळून हे ठरतं, त्यामुळे चांगल्या खुब्याच्या आईवडिलांनाही खराब खुब्याचं पिल्लू होऊ शकतं. जीन्सनंतर सगळ्यात जास्त फरक पडतो तो खाण्याने. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर आयुष्यभर एक अभ्यास झाला, त्यात जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, आणि कमी खाणाऱ्यांना खुब्याचा संधिवात कमी झाला, झाला तोही उशिरा, वर ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. आपल्याकडे मात्र मोठ्या जातीचं पिल्लू आणलं की पहिल्या दिवसापासून कॅल्शियमचं सिरप सुरू होतं आणि पिल्लू गुबगुबीत दिसलं पाहिजे असा हट्ट असतो, या दोन्ही गोष्टी वाढत्या हाडांना मारक आहेत. चांगलं पपी फूड खाणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियम लागत नाही. नॉर्वेमधल्या एका अभ्यासात असंही दिसलं की पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या पिल्लांना धोका जास्त होता आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं खेळणाऱ्यांना कमी, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या गुळगुळीत टाइल्सच्या फ्लॅटमध्ये निदान खेळायच्या जागेत तरी रबर मॅट टाकायलाच हवी.

आता एक्स-रेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नेहमीच्या पद्धतीत कुत्र्याला पाठीवर झोपवून मागचे दोन्ही पाय सरळ मागे ओढतात, मांड्या एकमेकींना समांतर ठेवतात आणि गुडघे आत वळवतात म्हणजे गुडघ्याची वाटी बरोबर मध्यावर दिसते. फोटो बरोबर आलाय का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कमरेच्या हाडातली दोन्ही मोठी भोकं सारख्या आकाराची दिसली पाहिजेत. कंबर जरा जरी तिरकी झाली तर एक खुबा खोल आणि दुसरा उथळ दिसतो आणि रिपोर्ट चुकतो. भूल न देता दोघांनी पाय धरून काढलेल्या एक्स-रेवर तर कुठलाच मोठा निर्णय घेऊ नये, जागा कुत्रा स्नायू आवळून धरतो आणि सैलपणा लपतो.

या एकाच फोटोवर वेगवेगळे देश वेगवेगळे मार्क देतात. अमेरिकेत ओएफए ही संस्था १९६६ पासून हे काम करते, तीन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे बघतात आणि एक्सलंटपासून सिव्हियरपर्यंत सात ग्रेडपैकी एक देतात, पण पक्का सर्टिफिकेट नंबर २४ महिने पूर्ण झाल्यावरच मिळतो. युरोपात बऱ्याच ठिकाणी एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेची ए ते ई अशी ग्रेड चालते, ए म्हणजे उत्तम. ब्रिटनची पद्धत सगळ्यात बारकाईची आहे. तिथे प्रत्येक खुब्याच्या नऊ गोष्टी तपासतात, त्यातल्या आठांना ० ते ६ आणि एकीला ० ते ५ असे गुण, म्हणजे एका खुब्याचे जास्तीत जास्त ५३ आणि दोन्ही मिळून १०६. इथे कमी गुण चांगले, हे लक्षात ठेवा. त्या नऊमधली एक म्हणजे नॉरबर्ग अँगल: दोन्ही गोळ्यांचे मध्यबिंदू जोडणारी रेघ काढायची, मग गोळ्याच्या मध्यातून वाटीच्या पुढच्या कडेपर्यंत दुसरी रेघ, आणि मधला कोन मोजायचा. साधारण १०५ अंश किंवा जास्त आला तर बरं, त्याखाली जितका जाईल तितका गोळा बाहेर.

पाय सरळ ओढून काढायच्या या नेहमीच्या फोटोत एक खोट आहे. पाय मागे ओढले की सांध्याभोवतीचं आवरण पिळलं जातं आणि तेच गोळ्याला आत दाबतं, म्हणजे ज्या सैलपणावरून आजार ओळखायचा तोच फोटोत झाकला जातो. म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ यांनी पेनहिप पद्धत काढली. यात गाढ भूल देऊन तीन फोटो काढतात, एक नेहमीचा, एक गोळा वाटीत दाबून आणि एक मांड्यांमध्ये खास उपकरण ठेवून गोळा बाहेर ढकलून. गोळा किती सरकला ते अंतर भागिले गोळ्याची त्रिज्या, हा डिस्ट्रॅक्शन इंडेक्स. गोळ्याची त्रिज्या १० मिमी आणि तो ६ मिमी सरकला तर इंडेक्स ०.६०. साधारण ०.३०च्या खाली असलेल्या खुब्याला पुढे संधिवात होण्याची शक्यता खूप कमी. आणि याचा खरा फायदा असा की हे १६ आठवड्यांच्या पिल्लातही करता येतं, दोन वर्षं थांबावं लागत नाही.

ब्रीडिंगसाठी स्कोअर महत्त्वाचा आहेच, पण उपचार फक्त स्कोअरवर ठरत नाही, तो मुख्यतः वयावर ठरतो, कारण पिल्लाचा आजार आणि मोठ्या कुत्र्याचा आजार नाव एक असलं तरी एक नाहीत. पिल्लाला दुखतं ते सैलपणामुळे, आवरण ताणलं जातं, आतलं अस्तर सुजतं, वाटीच्या वरच्या कडेला बारीक फ्रॅक्चर होतात. मोठ्याला दुखतं ते संधिवातामुळे. आणि या दोन्हींच्या मध्ये, साधारण एक ते सव्वा वर्षाच्या सुमाराला, आवरण जाड होऊन सांधा थोडा स्थिर होतो आणि बरीच कुत्री आपोआप बरी झाल्यासारखी दिसतात. घरचे म्हणतात अहो आता पळते की मस्त, सप्लिमेंटने फरक पडला, आणि एक्स-रेवर मात्र तोपर्यंत संधिवात सुरू झालेला असतो.

एकच उदाहरण वयानुसार घेऊन बघू. समजा एक लॅब मादी आहे, चार महिन्यांची, लंगडत नाही, पण भूल देऊन ऑर्टोलानी टेस्ट केली (मांडी वर ढकलून गोळा बाहेर काढायचा आणि मग पाय बाजूला फाकवायचा) तेव्हा गोळा टक्क करून आत गेला, इंडेक्स ०.६०. या वयात जेपीएस नावाची छोटी सर्जरी करता येते. कमरेच्या हाडाच्या खालच्या बाजूचा मधला जोड विजेच्या उष्णतेने बंद करतात, खालचा भाग वाढायचा थांबतो, बाकीचा वाढत राहतो आणि वाटी हळूहळू बाहेर वळून गोळ्यावर जास्त झाकण धरते. ही १२ ते साधारण १८ आठवड्यांतच उपयोगी आहे, नंतर वाढ पुरेशी उरत नाही, म्हणजे पाच महिन्यांनी कळलं तर हा पर्याय गेलाच. फार सैल खुब्याला ती पुरतही नाही. त्याच भुलेत नसबंदीही करतात, कारण सर्जरीने खुबा चांगला दिसायला लागला तरी जीन्स तेच राहतात आणि असं कुत्रं ब्रीडिंगला जाता कामा नये.

तीच मादी सात महिन्यांची झाली, सशासारखे दोन्ही मागचे पाय एकत्र टाकत पळते, खेळून झालं की बसून राहते. आता पर्याय डीपीओ किंवा टीपीओ, म्हणजे कमरेचं हाड दोन किंवा तीन ठिकाणी कापून वाटी बाहेर वळवायची आणि प्लेट-स्क्रूने पक्की करायची. अट कडक आहे: एक्स-रेवर संधिवाताची खूण नको, वाटीची कड शाबूत हवी, आणि ऑर्टोलानीचा टक्क आवाज स्वच्छ हवा. खरखर लागली तर कूर्चा झिजलीय असं समजायचं, आणि झिजलेला सांधा वळवून काही मिळत नाही. साधारण दहा महिन्यांनंतर हा दरवाजाही बहुतेक बंद होतो. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे पट्ट्यावरच फिरवायचं, उड्या नाहीत, जिना नाही.

आता तीच मादी सहा वर्षांची, वजन ३८ किलो, सकाळी उठायला त्रास, पावसाळ्यात जास्त. इथे पहिला प्रश्न हा की दुखतंय ते खुब्यातच का, कारण एक्स-रेवर खराब खुबा दिसतो म्हणून सगळं खुब्यावर टाकलं जातं आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला राहून जातो, असं खूप होतं. अचानक एका पायाने लंगडायला लागली, पाय टेकतच नाही, तर आधी गुडघा तपासा. कमरेच्या मणक्याचा त्रासही तसाच दिसतो.

दुखणं खुब्याचंच निघालं तर पहिली गोष्ट वजन. सहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं अभ्यासात दिसलंय, ३८ किलोच्या कुत्रीसाठी म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो. थांबायचं मात्र तिथे नाही, बरगड्या हाताला सहज लागेपर्यंत उतरवायचं. रोज छोटे छोटे वॉक, पोहणं जमलं तर उत्तम, रविवारी एकदम सिंहगड नको. पेनकिलर म्हणून मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन, रक्ततपासणीत किडनी आणि लिव्हर बघून, आणि स्टिरॉइडसोबत कधीच नाही, पोटात अल्सर होतात. घरातली माणसांची गोळी देऊ नका, अगदी हात जोडून सांगतोय. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्यांची किडनी जाते, आतड्यात रक्तस्राव होतो. मेलोक्सिकॅम चालतं म्हणून माणसांची १५ मिलिग्रॅमची गोळी दिली तर तीही ओव्हरडोस आहे, ३० किलोच्या कुत्र्याचा नेहमीचा रोजचा डोस त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो.

एवढं करूनही भागलं नाही तर सर्जरी दोन. टोटल हिप रिप्लेसमेंटमध्ये गोळा आणि वाटी दोन्ही कृत्रिम बसवतात, हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर कधीही करता येते आणि पाय जवळजवळ नॉर्मल चालतो, पण खर्च मोठा, सर्जन अनुभवी हवा, आणि सांधा निखळणं, इन्फेक्शन, मांडीचं हाड तुटणं हे धोके खरे आहेत. कुठेही त्वचेचं किंवा कानाचं इन्फेक्शन असेल तर आधी ते बरं करायचं. दुसरी एफएचओ, यात गोळा कापूनच टाकतात आणि स्नायू व तंतूंचा खोटा सांधा तयार होतो. २० किलोच्या आतल्या सडपातळ कुत्र्यांत रिझल्ट छान येतो, ३८ किलोच्या लॅबमध्ये पाय थोडा आखूड आणि कमजोर राहतो, तरी हाडावर हाड घासायचं दुखणं थांबतं. तिचं यश फिजिओवर आहे: टाके निघायच्या आधीपासून पाय हलवायला लागायचं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत रोज पट्ट्यावर हळू चालवून पाय टेकवायला लावायचा, कारण दुखतं म्हणून तिला झोपू दिलं तर स्नायू आटतात, सांधा आखडतो आणि मग तो पाय ती पुढे वापरतच नाही.